ठाण्याला उतरायचं की सीएसएमटीला?

शंकेखोर : भाऊजी, सरळच विचारते. आम्हाला संभाजीनगरहून मालवणला जायचं आहे. फोनमध्ये कुठून आणि कुठे एवढं टाकलं की गाड्या समोर येतात, वेळा येतात, जागा आहे की नाही तेही कळतं. मग तुम्ही ‘ट्रेन्स अॅट अ ग्लान्स’चे तक्ते छापून घेऊन, त्यांतली चिन्हं आणि तळाच्या टिपा बोटाने ओळ धरून वाचता ते कशासाठी? पूर्वी लोक वाचायचे, कारण दुसरं काही हाताशी नसायचं. आता रेल्वेनेही ते पुस्तक संकेतस्थळावर ठेवून हात झटकलेत. आणि माझी खरी शंका याहून मोठी आहे. वेळापत्रक म्हणजे रेल्वेची इच्छा. गाडी त्या वेळेला येईलच असं कोणी लिहून देत नाही. मग त्या इच्छेच्या तळटिपा वाचून तुमच्या हाती नेमकं काय लागतं?

छांदिष्ट : फोनमध्ये मालवण टाकून पाहा, वहिनी. काही येणार नाही, कारण मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरायचं, हे तुम्हाला आधीच माहीत असावं लागतं. बरं, कुडाळ टाकलंत तरी संभाजीनगरहून रोजची थेट गाडी नाही. काही अॅप मधे गाडी बदलून जायचे पर्याय सुचवतात, पण त्यांचा हिशेब सोपा असतो : पहिली गाडी अमुक वाजता पोचते, दुसरी तमुक वाजता सुटते, मधे वेळ उरतो, जुळलं. तो वेळ कुठल्या स्टेशनावर किती उरतो, पहिलीला उशीर झाला तर दुसरीच्या मागे काय आहे, दुसरीची तारीख कोणती, यातलं काही त्यांना विचारता येत नाही. तक्त्यात शेजारशेजारच्या रकान्यांत गाड्या उभ्या असतात. एका गाडीवर बोट ठेवलं की तिच्या मागची गाडीही दिसते. आणि रकान्याच्या डोक्यावर किंवा पानाच्या तळाशी ती गाडी कुठल्या अटींवर चालते हे दिलेलं असतं.

शंकेखोर : अटी कसल्या? गाडी रोज असते किंवा आठवड्यातून अमुक दिवशी असते. सोमवार-बुधवार म्हटलं की सोमवार-बुधवार.

छांदिष्ट : कुठल्या स्टेशनावरचा सोमवार? गोम तिथेच आहे. तक्त्यात गाडीच्या नावाखाली जे वार छापलेले असतात ते गाडी जिथून सुटते त्या पहिल्या स्टेशनावरचे असतात. समजा उत्तरेकडून कोकणात जाणारी एक साप्ताहिक गाडी आहे आणि तक्त्यात शुक्रवार लिहिलाय. ती शुक्रवारी सकाळी तिकडून निघाली आणि पनवेलला पहाटे चारला आली, तर पनवेलकरांसाठी ती शनिवारची गाडी झाली. आणखी लांबून निघालेली असेल तर रविवारचीसुद्धा होऊ शकते. म्हणून वाचायची रीत अशी : आपल्या स्टेशनाच्या वेळेवर बोट ठेवायचं, रकान्यात वर वर सरकत पहिल्या स्टेशनापर्यंत जायचं आणि वाटेत घड्याळ किती वेळा मध्यरात्र ओलांडतं ते मोजायचं. तेवढे दिवस छापलेल्या वारात मिळवायचे. उलट, तुम्हाला रविवारीच निघायचं असेल तर तेवढे दिवस वजा करून तो वार तक्त्यात आहे का ते पाहायचं. रोजच्या गाडीला हे करावं लागत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा जाणाऱ्या गाडीला केलं नाही, तर पुढचा आठवडा येईपर्यंत फलाटावर बसायची तयारी ठेवायची.

शंकेखोर : पण आरक्षणाच्या वेळी मी माझ्या स्टेशनावरची तारीख टाकते. त्या तारखेला गाडी नसेल तर ती दिसणारच नाही. यंत्र तुमची बेरीज माझ्यासाठी करून टाकतं.

छांदिष्ट : एका गाडीपुरतं खरं आहे. दोन गाड्या जोडायला लागलात की तुम्ही तारीख दोनदा टाकता, आणि दुसऱ्या वेळी चुकीची टाकता. तुमचाच प्रवास घेऊ. संभाजीनगरहून दुपारी तपोवन एक्स्प्रेस निघते. नांदेडहून येते, मनमाड, नाशिक करत रात्री साडेआठ-नऊच्या दरम्यान ठाण्याला आणि साडेनऊ-दहाच्या दरम्यान सीएसएमटीला पोचते. पुढे कोकणासाठी त्या रात्री रोजच्या दोन गाड्या आहेत. कोकणकन्या सीएसएमटीहून २३:०५ला सुटते आणि तुतारी दादरहून ००:०५ला. तुम्ही शनिवारी घरून निघालात, तर कोकणकन्येचं तिकीट शनिवारच्या तारखेचं आणि तासाभराने सुटणाऱ्या तुतारीचं रविवारच्या तारखेचं. तुमच्या मनात दोन्ही ‘शनिवारी रात्रीच्या’ गाड्या. तुतारीसाठी शनिवार टाकलात तरी यंत्र खुशाल तिकीट देईल, कारण शनिवारीही ००:०५ला एक तुतारी सुटतेच. फक्त ती सुटते तेव्हा तुम्ही संभाजीनगरला घरी झोपलेल्या असता.

शंकेखोर : हे मात्र आमच्या ओळखीत घडलंय.

छांदिष्ट : घडतंच. आणखी एक बारकावा बघा. कोकणकन्येत तुम्ही ठाण्याला बसलात तर पावणेबारा वाजायचे असतात, म्हणजे शनिवार. त्याच गाडीत, त्याच डब्यात, पनवेलला कोणी चढलं तर बारा वाजून गेलेले असतात आणि त्याच्या तिकिटावर रविवार असतो. एकाच गाडीला वाटेत दोन तारखा. रकान्यात २३चे आकडे संपून ०० सुरू होतात तिथे मी पेन्सिलने आडवी रेघ मारतो, ती याच्यासाठी.

शंकेखोर : बरं, रेघ मारली. तारीख बरोबर टाकली. आता माझा मुख्य आक्षेप घ्या. तपोवन सीएसएमटीला पावणेदहाच्या सुमारास, कोकणकन्या पाच मिनिटं कमी सव्वाअकराला... नाही, अकरा वाजून पाच मिनिटांनी. मधे सव्वा तास. हा सव्वा तास खरा आहे का? तपोवन तासभर उशिरा आली तर तुमचा सगळा तक्ता पाण्यात. मला तुमच्या टिपांपेक्षा ती गाडी गेल्या महिन्यात किती वाजता आली हे जास्त उपयोगाचं, आणि ते फोन सांगतो, वेळापत्रक सांगत नाही.

छांदिष्ट : मागच्या महिन्याचा हिशेब जरूर बघा, मीही बघतो. पण तक्ताही उशिराबद्दल गप्प नाही, त्याची बोलायची रीत वेगळी आहे. ठाणे ते सीएसएमटी हे अंतर चौतीस किलोमीटर. लांब पल्ल्याची गाडी मुंबईतून बाहेर पडताना हे अंतर साधारण पस्तीस मिनिटांत कापते. आता मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांचे रकाने पाहा. त्याच चौतीस किलोमीटरना कित्येक गाड्यांना तासाच्या आसपास वेळ दिलेला दिसेल. रूळ तेच, इंजिन तेच. फरक एवढाच की गाडी वक्तशीर आली की नाही हे शेवटच्या स्टेशनावर मोजलं जातं. म्हणून वाटेत झालेला उशीर गिळायला थोडा वेळ शेवटच्या टप्प्यात राखून ठेवलेला असतो. ही टीप कुठेही छापलेली नसते. जाताना आणि येताना लागणारा वेळ शेजारी मांडला की ती दिसते.

शंकेखोर : म्हणजे शेवटच्या स्टेशनावर उतरणं सुरक्षित. वीस-पंचवीस मिनिटांचा उशीर तिथे पोचेपर्यंत भरून निघेल. मग आम्ही सीएसएमटीपर्यंत जातो आणि कोकणकन्येत पहिल्याच स्टेशनावर चढतो. गाडी फलाटाला लागलेली असते, सामान नीट लावता येतं.

छांदिष्ट : एरवी मी हाच सल्ला दिला असता. मधल्या स्टेशनावर बदलणाऱ्याला तो राखीव वेळ मिळत नाही, शेवटच्या स्टेशनावर बदलणाऱ्याला मिळतो. पण इथे एक गंमत आहे. तुमच्या दोन्ही गाड्या ठाणे ते सीएसएमटी याच मार्गावरून जातात, एक येताना आणि दुसरी परतताना. सीएसएमटीला बदललंत तर हातात सव्वा तास आहे. ठाण्यालाच उतरलात तर तपोवनचा मुंबईत शिरायचा सगळा वेळ वाचतो, आणि वर कोकणकन्या ठाण्याला येईपर्यंतची पस्तीसेक मिनिटं मिळतात. सव्वा तासाचे जवळजवळ पावणेतीन तास झाले. तपोवन दोन तास उशिरा आली तरी चालेल. गाड्या त्याच आणि घड्याळही तेच, बदलायची जागा तेवढी हलवली. तिकीटही ठाण्यापर्यंतचं आणि ठाण्यापासूनचं काढायचं. अॅप तुम्हाला हे सहसा सुचवणार नाही, कारण त्याला कमीत कमी वाट पाहायला लावणारा मेळ चांगला वाटतो.

शंकेखोर : इथेच मी तुम्हाला पकडणार. पावणेतीन तास सुरक्षित आहेत असं तुमचा तक्ता म्हणतो. ते पावणेतीन तास कुठे काढायचे? माझ्याबरोबर सासूबाई असतील, सहा वर्षांचं पोर असेल, दोन बॅगा आणि एक पिशवी. ठाण्याच्या फलाटावर रात्री नऊला लोकलची गर्दी ओसरलेली नसते. जिने चढायचे, उतरायचे. सीएसएमटीला निदान मोठं प्रतीक्षालय आहे, खायला मिळतं, गाडी आधीपासून उभी असते. तुम्ही गाडी चुकण्याची भीती मोजता. थकण्याचं माप तुमच्या कुठल्या रकान्यात आहे?

छांदिष्ट : ते माप रकान्यात नाही, मान्य आहे. स्टेशनांच्या यादीत प्रतीक्षालय, विश्रामगृह, खाण्याची सोय यांची चिन्हं काही वेळापत्रकांत असतात. पण जिना किती उंच आणि बाकावर जागा आहे का, हे कुठलं चिन्ह सांगणार? तरीही एक सांगतो. आराम हवा म्हणून तुम्ही सीएसएमटी निवडलंत, तर किती मिनिटं देऊन तो आराम विकत घेताय हे तरी माहीत असू दे.

शंकेखोर : आणि ती मिनिटं कमी पडली तर? तुतारी आहेच मागे. तुम्हीच म्हणालात, बोट ठेवलं की मागची गाडी दिसते.

छांदिष्ट : आता तुम्ही तक्ता वाचायला लागलात. मी तर म्हणेन, मेळ किती पक्का हे मधल्या मिनिटांपेक्षा मागच्या गाडीवर जास्त ठरतं. दिवसभर दर दोन तासांनी गाडी असलेल्या मार्गावर अर्ध्या तासाचा मेळही चालतो, चुकला तर पुढची. रात्रीच्या शेवटच्या गाडीला तासभरसुद्धा कमी. कोकणकन्या चुकली तर तासाभराने तुतारी आहे. तुतारी चुकली तर मात्र पहाटे पाचनंतर सुटणारी जनशताब्दी आणि सात वाजून दहाची मांडवी, तोवर रात्र स्टेशनावर. म्हणून दोन्हींतली आधीची गाडी धरायची आणि नंतरची पदराशी ठेवायची, असं मी लोकांना सांगतो.

शंकेखोर : पदराशी ठेवायची म्हणजे काय? माझं आरक्षण कोकणकन्येचं. ती गेली की ते तिकीट तुतारीत चालत नाही. गणपतीच्या दिवसांत तुतारीत ऐनवेळी पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या तक्त्यात ती गाडी माझी आहे, प्रत्यक्षात नाही. भाऊजी, तुमचं हे मागच्या गाडीचं शास्त्र आरक्षण नसलेल्या काळातलं आहे. तेव्हा माणूस स्टेशनावर जायचा, मिळेल त्या गाडीत बसायचा. आता प्रत्येक गाडीला वेगळं तिकीट, वेगळी तारीख, वेगळी यादी. मागची गाडी दिसते आणि मिळत नाही.

छांदिष्ट : हा आक्षेप मी खोडू शकत नाही. नुसता थोडा बोथट करू शकतो. १ एप्रिल २०१९पासून रेल्वेने दोन तिकिटं एकमेकांना जोडायची सोय दिली आहे. दोन्ही तिकिटांवर तेच प्रवासी हवेत आणि पहिला प्रवास जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू व्हायला हवा. मग पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता परत मिळतात. अर्थात ते आपोआप येत नाहीत, ठरलेल्या मुदतीत मागावे लागतात. ठाण्यापर्यंतचं आणि ठाण्यापासूनचं तिकीट काढा म्हणतो त्याचं हेही एक कारण. पहिलं तिकीट सीएसएमटीचं काढून तुम्ही मधेच ठाण्याला उतरलात आणि दुसरं ठाण्याहून असलं, तर जोडणी करताना वाद व्हायला जागा राहते.

शंकेखोर : पैसे परत मिळतात. जागा मिळत नाही.

छांदिष्ट : नाही मिळत.

शंकेखोर : आणि कोकणकन्या तपोवनसाठी दहा मिनिटं थांबतही नाही.

छांदिष्ट : तशी टीप तक्त्यात कुठेही नाही. म्हणजे थांबेल असं धरून चालायचं नाही.

शंकेखोर : मग मी म्हणते ते हेच. प्रत्येक गाडीचं वचन वेगळं, आणि दोन गाड्यांच्या मधली जी जागा आहे तिचं वचन कुणाचंच नाही. ती जोखीम माझी. रेल्वेने मला दोन रकाने दिले, मधला पूल मी बांधायचा, पडला तर मी पडायचं. तुम्ही तळटिपा वाचून तो पूल थोडा रुंद करता, पण तो आहे तुमच्या कल्पनेतच. आणि उशीर सोडा, गाडी लवकरही जाते. मनमाडला काय झालं आठवतं ना?

छांदिष्ट : आठवतं. २०२३च्या जुलैत. गोवा एक्स्प्रेस एरवी मिरज, पुणे, दौंड करत मनमाडला येते. त्या दिवशी ती रोहा, कल्याण, नाशिक अशी वळवली होती. त्या वाटेने ती लवकर पोचली आणि ठरल्या वेळेच्या सुमारे दीड तास आधी मनमाड सोडून गेली. चाळीसहून अधिक प्रवासी वेळेवर स्टेशनावर आले होते, त्यांना गाडी गेल्याचं कळलं. पुढे दुसऱ्या एका गाडीला मनमाडला खास थांबवून त्यांना जळगावला पोचवलं, तिथे त्यांना त्यांची गाडी मिळाली. ती चूक होती, रेल्वेनेही मान्य केली. मी त्यातून एवढंच घेतो की गाडी वळवली आहे असं कळलं, तर त्या दिवसापुरता छापील रकाना रद्द समजायचा आणि स्टेशनावर विचारायचं.

शंकेखोर : विचारायचं कुणाला, ते पुन्हा माझ्यावरच.

छांदिष्ट : तुमच्यावरच. पण गाडी ‘लवकर’ निघण्याची एक घटना दर वर्षी घडते, ती कुणाची चूक नसते, आणि टीप वाचली तर पूर्णपणे टाळता येते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. दरडी कोसळण्याची भीती असलेल्या भागात या दिवसांत गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी चाळीस किलोमीटरवर आणतात. त्यातून मार्गाचा बराचसा भाग एकेरी, समोरून येणाऱ्या गाडीसाठी स्टेशनात थांबावं लागतं. एक गाडी मंदावली की सगळ्यांच्या क्रॉसिंगच्या जागा बदलतात. म्हणून चार-पाच महिन्यांपुरता सगळा तक्ताच नव्याने मांडतात. आता हे जाताना काय करतं आणि येताना काय करतं ते बघा. मुंबईहून कोकणकन्या पावसाळ्यातही रात्री अकराच्या सुमारालाच निघते, कुडाळला नेहमीपेक्षा उशिरा पोचते. तुम्हाला फरक पडत नाही, सकाळची मालवणची एसटी थोडी पुढची धरायची. परतीचं उलट आहे. मुंबईत तिला साधारण त्याच पहाटेच्या वेळेला शिरायचं असतं, कारण लोकलच्या गर्दीत लांबच्या गाडीला वाटेल त्या वेळी जागा देता येत नाही. वेग कमी आणि पोचायची वेळ तीच. मग ती गोव्याहूनच लवकर निघते आणि कुडाळलाही तासाभराने आधी येते. ‘पाऊस आहे, गाडी उशिरा येईल’ असं म्हणत माणूस मालवणहून निवांत निघतो, आणि गाडी वेळापत्रकाप्रमाणे, अगदी वेळेवर, निघून गेलेली असते.

शंकेखोर : हे मला पटलं. गणपतीला जायचं तर हाच काळ. म्हणजे मालवणहून कुडाळला यायची एसटीसुद्धा तासभर आधीची पाहिजे.

छांदिष्ट : आणि त्या एसटीचीही तळटीप असते. मालवण-कुडाळ हे अंतर तीसेक किलोमीटर. पण स्थानकावरच्या फलकावर ‘मार्गे’ वाचा. नेरूरपार-चौके मार्गे जाणारी वेगळी, कट्टा-कसाल मार्गे जाणारी वेगळी, आणि तिला जास्त वेळ लागतो. शाळकरी मुलांसाठी सोडलेली फेरी सुट्टीत बंद असू शकते, नेमकी गणपतीच्या सुट्टीत. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी आदल्या दिवशी विचारलेला एक प्रश्न तिथे माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा भारी आहे, हे मीच सांगतो. शिवाय कुडाळचं रेल्वे स्टेशन आणि एसटी स्थानक एका जागी नाहीत. मधे रिक्षा धरायची. तिला वेळापत्रक नाही.

शंकेखोर : ‘मार्गे’वरून आठवलं. तुम्ही मागे कुणाला तरी पुणे-एर्नाकुलम गाडीवरून अडवलं होतं.

छांदिष्ट : त्यांना रत्नागिरीला जायचं होतं. पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्स्प्रेस ही मिरज, लोंढा करत मडगावला उतरते, रत्नागिरी तिच्या वाटेवरच नाही. त्याच दोन गावांमधली दुसरी एक गाडी पनवेल, रत्नागिरी अशी जाते. दोन्हींच्या पाट्यांवर टोकं तीच. ‘मडगावला जाते म्हणजे कोकणातूनच जाणार’ असं धरून त्यांनी बेत आखला होता. तक्त्याच्या डोक्यावर मार्ग लिहिलेला असतो, तेवढा वाचला की झालं. हा सोपा सापळा आहे, यावर जास्त बोलत नाही. थांब्याचं मात्र बघा. एखाद्या स्टेशनाला प्रायोगिक थांबा दिलेला असतो, जसा संगमेश्वर रोडला नेत्रावतीचा. प्रायोगिक म्हणजे पुढे चालू ठेवतील किंवा काढतील. तुमचा सगळा मेळ अशा थांब्यावर टांगलेला असेल, तर मागच्या वर्षीचं पान वापरू नका.

शंकेखोर : आता परतीचं सांगा, आणि यावेळी मला आधी बोलू द्या. तुमच्या पद्धतीने मीच मांडते. तपोवन सकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून निघते, ठाण्याला पावणेसातच्या सुमारास. तुतारी कोकणातून येऊन दादरला पावणेसातच्या आसपास पोचते. म्हणजे दादरला तपोवन आधीच निघून गेलेली. दादरला मेळ नाहीच. ठाण्याला तुतारी आधी येते, तिथे पाऊण-एक तास मिळतो, पण तो मधल्या स्टेशनाचा, तुमच्या त्या राखीव वेळेआधीचा. पावसाळ्यात एकेरी मार्गावरून रात्रभर आलेली गाडी पाऊण तास उशिरा येणार नाही, असं मी तरी म्हणणार नाही. म्हणून तुतारी बाद. कोकणकन्या धरायची. ती ठाण्याला पाचच्या आसपास, तपोवनला दीड-पावणेदोन तास. बरोबर?

छांदिष्ट : बरोबर. मी असंच केलं असतं.

शंकेखोर : मी नाही करणार. कोकणकन्येने यायचं, ठाण्याला उतरायचंच नाही, सरळ सीएसएमटीपर्यंत जायचं आणि तपोवन सोडून द्यायची. दुपारी १२:१०ला तिथूनच संभाजीनगरकडची जनशताब्दी निघते, तिचं तिकीट काढायचं. सहा-सात तास हातात. सासूबाई प्रतीक्षालयात पाठ टेकतील, मूल झोपेल. गाडी चार तास उशिरा आली तरी मला घाम फुटणार नाही.

छांदिष्ट : अर्धा दिवस घालवून. दुपारी घरी पोचायच्या त्या संध्याकाळी पोचाल. आणि ज्या उशिरासाठी तुम्ही हा अर्धा दिवस देताय तो दहांतून फार तर एकदा-दोनदा होत असेल, तर उरलेल्या वेळी तुम्ही फुकट बसून राहिलात.

शंकेखोर : तुम्ही दहा वेळा जाता म्हणून तुम्हाला दहांतून एकदा हे परवडतं. आम्ही वर्षातून एकदा जातो. माझ्यासाठी ती एकच वेळ असते.

छांदिष्ट : पण मग हाच तर्क जातानाही लावा ना. जाताना तुम्ही सीएसएमटीचा सव्वा तास धरायला निघालात, आणि तिथे चुकलं तर मागे तुमच्या तिकिटाची गाडी नाही. येताना जिथे सगळा दिवस समोर आहे तिथे सहा तास राखताय. जोखीम जिथे जास्त तिथे तुम्ही कमी वेळ ठेवलात.

शंकेखोर : रात्री ठाण्याच्या फलाटावर पावणेतीन तास, हे मला अजूनही पटत नाही. आणि सव्वा तासात गाडी चुकेल, हेही पटत नाही.

छांदिष्ट : तपोवन गेल्या महिन्यात ठाण्याला किती वाजता आली, ते फोनमध्ये बघून सांगता? तीस दिवसांचं. सीएसएमटीचं नको, ठाण्याचं बघा.

शंकेखोर : बघते. पण त्यात दोनदा जरी तासाभराचा उशीर निघाला, तर मी ठाण्याला उतरणार नाही, एक दिवस आधी निघणार. चालेल?

छांदिष्ट : मग तुतारीची तारीख पुन्हा बदलेल.